खोळीची मागची बाजू कुठे संपते

पहिल्या वर्षाला पोटाच्या भिंतीचं डिसेक्शन सुरू झालं, तेव्हा आर्क्युएट लाइनची आकृती मला डोळे मिटून काढता येत होती. पोटाच्या उभ्या रेक्टस स्नायूभोवतीच्या खोळीची मागची बाजू नाभीच्या खाली जिथे संपल्यासारखी दिसते, ती ही रेषा. रेषेच्या वरचा आडवा छेद एका बाजूला, खालचा दुसऱ्या बाजूला, मध्ये रेक्टस स्नायू आणि त्याच्याभोवती रंगीत पेन्सिलींनी ओढलेले पदर. टेबलावर मात्र पहिल्या दोन दुपारी मला ती रेषा सापडली नाही. तिसऱ्या दुपारी सापडली, तेव्हा लक्षात आलं की मी तिथे एक रेषा शोधत होते आणि तिथे होती एक कड. त्या तीन दुपारी, आणि पुढे काही वर्षांनी वॉर्डमध्ये भेटलेली एक रुग्ण, एवढंच इथे लिहिते आहे.

आमच्या टेबलावर एका वयस्क पुरुषाचा देह होता. त्यांनी देहदान केलं होतं, म्हणून पहिल्या दिवशी मॅडमनी आम्हाला हात जोडून उभं केलं आणि मगच स्काल्पेल हातात दिलं. छातीच्या हाडाच्या टोकापासून खाली प्युबिक सिम्फिसिसपर्यंत, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी पुढे असलेल्या हाडांच्या सांध्यापर्यंत, नाभीला वळसा घालून, मधोमध त्वचेवर छेद घेतला. त्वचा आणि तिच्याखालची चरबी दोन्हीकडे उलटली. नाभीच्या खाली ही चरबी एकसंध नसते. वर मऊ चरबीचा थर आणि त्याच्याखाली एक पातळ, चिवट पापुद्रा असे दोन भाग बोटाने सुटे करता येतात. त्यांना कँपर आणि स्कार्पा यांची नावं आहेत. आम्ही ते पाहिले आणि पुढे गेलो, कारण खरं काम त्याच्याखाली होतं.

चरबी निघाल्यावर समोर जो पांढरा, चकचकीत पत्रा दिसतो, तो रेक्टस शीथचा पुढचा भाग. शीथ म्हणजे खोळ. रेक्टस हा बरगड्यांपासून प्युबिसपर्यंत उभा जाणारा पट्ट्यासारखा स्नायू, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि प्रत्येक आपल्या खोळीत बसलेला. ही खोळ स्वतंत्र अशी कुठून येत नाही. पोटाच्या बाजूला एकावर एक तीन पसरट स्नायू असतात: बाहेरून आत एक्स्टर्नल ऑब्लिक, इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्सस अॅब्डॉमिनिस. पुढे येता येता त्यांचा मांसल भाग संपतो आणि प्रत्येकाची एक पसरट पांढरी कंडरा पुढे सरकते. तिला अपोन्युरोसिस म्हणतात. या तीन कंडरा रेक्टसला पुढून-मागून कवेत घेऊन मधोमध लिनिआ अल्बा नावाच्या उभ्या पांढऱ्या पट्टीत दुसऱ्या बाजूच्या कंडरांत गुंफल्या जातात. खोळ म्हणजे फक्त हेच तीन पदर. कोणता पदर स्नायूच्या पुढून जातो आणि कोणता मागून, एवढ्यावर वरचं आणि खालचं पोट वेगळं ठरतं.

मधल्या रेषेपासून साधारण तीन सेंटीमीटर बाहेर मी डाव्या शीथवर उभा छेद घेतला. आतला स्नायू दिसला. शीथची पुढची बाजू उलटायला घेतली, तर नाभीपासून वर ती तीन ठिकाणी अडली. रेक्टसला आडव्या कंडरांचे पट्टे असतात: एक नाभीच्या पातळीवर, एक छातीच्या हाडाच्या टोकापाशी आणि एक या दोन्हींच्या मध्ये. हे पट्टे शीथच्या पुढच्या भागाला घट्ट चिकटलेले असतात, त्यामुळे तिथे बोट चालत नाही, स्काल्पेलच चालवावं लागतं. मागच्या भागाला मात्र ते चिकटलेले नसतात. स्नायूच्या बाहेरच्या कडेखालून मी बोट घातलं, तर ते मागे सहज वर-खाली फिरलं. ही मोकळी जागा तेव्हा मला केवळ सोयीची वाटली. तिचा खरा अर्थ वॉर्डमध्ये कळला.

बाहेरच्या कडेने स्नायूत शिरणाऱ्या बारीक नसा आम्ही आधी ओळखून ठेवल्या. खालच्या बरगड्यांमधून येणाऱ्या या नसा इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्सस यांच्या मधून येतात आणि शीथमध्ये मागून, बाहेरच्या अंगाने शिरतात. मग नाभीच्या पातळीवर स्नायू आडवा कापला, वरचा तुकडा छातीकडे आणि खालचा मांड्यांकडे उलटला. शीथची मागची भिंत समोर आली. इथेच माझी फजिती सुरू झाली.

नाभीच्या वर भिंत अगदी पुस्तकात असते तशी होती: पांढरी, जाड, आडव्या धाग्यांची. खाली प्युबिसकडे पाहिलं तर ती पांढरी नव्हती. पातळ, राखाडी पडदा होता, ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया नावाचा, आणि त्याच्यामागे पिवळसर चरबी दिसत होती. म्हणजे बदल झाला होता हे उघड होतं, पण कुठे झाला ते दिसत नव्हतं. आकृतीत जाड शाईने काढलेली कमान होती, ती कुठेच नव्हती. मी चिमट्याने पडदा खरवडायला लागले. थोड्या वेळाने एक कड दिसायला लागली आणि मी आनंदाने मॅडमना हाक मारली.

मॅडमनी वाकून पाहिलं. "ही तू केलीस," त्या म्हणाल्या. "ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया खरवडून सोललास, त्याची ही कड आहे. खरी कड असती तर तिच्यात आडवे धागे दिसले असते. इथे धागे आहेत का?"

धागे नव्हते. नुसता फाटलेला पापुद्रा होता, कुठे वर, कुठे खाली. दुसरी दुपार त्याच्याभोवतीची सफाई करण्यात गेली आणि डाव्या बाजूची रेषा मी बऱ्यापैकी बिघडवून ठेवली होती.

तिसऱ्या दुपारी उजवी बाजू उघडली. या वेळी मॅडम शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी शिकवलेली पद्धत साधी होती. पहिली गोष्ट, रेषा वरून खाली शोधायची नाही, खालून वर जायचं. प्युबिसच्या बाजूने बोट उताणं धरायचं, नखाची बाजू त्या पातळ पडद्यावर टेकवायची आणि हलकेच वर सरकवायचं. मागची भिंत सुरू होते तिथे तिच्या कडेखाली बोटाचं टोक अडकतं. खिशाच्या काठाखाली बोट गेल्यासारखं वाटतं. दुसरी गोष्ट, रक्तवाहिनीचा माग धरायचा. इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक धमनी खाली मांडीकडे जाणाऱ्या एक्स्टर्नल इलिॲक धमनीपासून निघते, तिरकी वर-आत येते, ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया भेदते आणि मग आर्क्युएट लाइनच्या पुढून शीथमध्ये शिरते. म्हणजे खाली ती स्नायूच्या मागे नुसत्या पातळ पडद्यावर असते आणि वर गेल्यावर तिच्यामागे पांढरी भिंत येते. जिथे धमनीच्या मागे पहिल्यांदा पांढरं दिसतं, ती जागा.

बोट अडकलं. चिमट्याने कड उचलली, तर तिच्यातले आडवे धागे स्पष्ट दिसले. कमान होती, पोकळ बाजू खाली. मोजलं: नाभी ते सिम्फिसिस १६ सेंटीमीटर, त्यात कड नाभीच्या खाली ६ सेंटीमीटरवर. पुस्तकातलं नेहमीचं वाक्य आहे की रेषा नाभी आणि सिम्फिसिस यांच्या मध्यावर असते. मग ती ८ वर हवी होती. मी तसं म्हटल्यावर मॅडमनी कडेच्या खाली टॉर्च धरायला सांगितला. दोन सेंटीमीटर खाली आणखी एक कड होती, पहिलीपेक्षा पातळ. या माणसाच्या उजव्या बाजूला दोन कडा होत्या.

का, हे समजण्यासाठी आम्ही बाजूला गेलो, रेक्टसच्या बाहेरच्या कडेवर, जिथे लिनिआ सेमिल्युनारिस नावाची वळणदार रेषा असते. नाभीच्या वर तीन कंडरा एकेक करून धरल्या. एक्स्टर्नल ऑब्लिकची कंडरा सरळ स्नायूच्या पुढे गेली. ट्रान्सव्हर्ससची सरळ मागे गेली. मधली, इंटर्नल ऑब्लिकची, कडेवर येऊन दुभंगली. तिचा एक पदर पुढे आणि एक मागे. आकृतीत मी हे शंभरदा काढलं होतं, पण दोन चिमट्यांनी दोन पदर ओढल्यावर मध्ये रेक्टसची लाल कड उघडी पडली, तेव्हा ते मनात बसलं. म्हणजे वर, पुढची भिंत दीड पदराची आणि मागची भिंतही दीड पदराची.

आता तेच आम्ही रेषेच्या खाली केलं. इंटर्नल ऑब्लिक इथे दुभंगलीच नाही. ती पूर्ण पुढे गेली आणि तिच्यामागोमाग ट्रान्सव्हर्ससही पुढे गेली. तिन्ही पदर पुढे, मागे एकही नाही. स्नायूच्या मागे उरला तो ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया, त्याच्यामागे चरबी आणि मग पोटाच्या पोकळीचं अस्तर, पेरिटोनियम. मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं की मागची भिंत रेषेवर "संपते". ती संपत नाही, पुढे जाते. तिथे काही कमी होत नाही. तेच तीन पदर असतात, फक्त जागा बदलतात. आणि हे स्थलांतर एकाच पातळीवर एका झटक्यात व्हायला हवं असं नाही. आधी इंटर्नल ऑब्लिकचा मागचा पदर पुढे गेला आणि थोडं खाली ट्रान्सव्हर्सस गेली, तर दोन पायऱ्या दिसतात. हळूहळू गेले, तर कड पुसट होते. एकदम गेले, तर आकृतीतली ठळक कमान मिळते. आमच्या उजव्या बाजूला दोन पायऱ्या होत्या. डावी बाजू बहुधा पुसट होती आणि मी ती खरवडली.

खाली पुढचे पदर मोजतानाही माझी एक चूक झाली. तीन मिळायला हवे होते, मला दोनच सुटे करता आले. मी तिसरा शोधत स्काल्पेल खोल नेणार होते, तेवढ्यात मॅडमनी हात धरला. इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्सस इथे एकमेकांत मिसळून गेलेले असतात, त्यांचा एकच जाड पत्रा लागतो. एक्स्टर्नल ऑब्लिक मात्र त्यांना जरा पुढे, मधल्या रेषेजवळ जाऊन मिळतो, म्हणून बाहेरच्या अंगाला तो सुटा निघतो. पुढे बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेत ओटीपोटावरच्या आडव्या छेदात मी हेच पाहिलं. शीथ मधोमध कापताना एक थर वाटतो आणि कात्री बाहेरच्या बाजूला नेली की दोन थर दिसायला लागतात. दोन्ही कापले गेले नाहीत, तर छेद उघडत नाही.

रेषेला जुनं नाव डग्लसची रेषा असंही आहे. जेम्स डग्लस या स्कॉटिश शरीररचनाशास्त्रज्ञाने १७३० साली पेरिटोनियमवर लिहिलं होतं. त्याने ते लिहिताना किती देहांमध्ये बोट असं वर सरकवलं असेल, असा विचार माझ्या मनात त्या दुपारी येऊन गेला.

यानंतरची गोष्ट इंटर्नशिपची. सर्जरीच्या वॉर्डमध्ये एका रात्री सत्तरीच्या एक आजी दाखल झाल्या. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे त्या रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी घेत होत्या. आठ दिवस खोकला होता. संध्याकाळी खोकल्याची मोठी उबळ आली आणि उजव्या बाजूला खाली पोटात एकदम कळ आली. तिथे गाठ लागत होती आणि लघवीला जोर करावा लागत होता. ज्या डॉक्टरांनी आधी तपासलं होतं, त्यांनी चिठ्ठीवर अपेंडिक्सचा गोळा असं लिहिलं होतं.

आमच्या सरांनी आधी पोटावर हात ठेवला नाही. ते म्हणाले, "आजी, हात छातीवर घ्या आणि डोकं नि खांदे जरा उचला बघू." पोटाचे स्नायू ताठ झाले. गाठ पोटाच्या आत असती, तर ताठ झालेल्या भिंतीमागे ती लपली असती आणि दुखणंही कमी झालं असतं. आजींचं दुखणं वाढलं आणि गाठ तशीच हाताला लागत राहिली. म्हणजे ती आत नव्हती, भिंतीतच होती. दुखणं वाढतं की कमी होतं यावरून ओळखण्याची ही खूण कार्नेटने आणि गाठ हाताला लागत राहते का यावरून ओळखण्याची खूण फॉदरगिलने सांगितली, दोघांनीही १९२६ साली.

रक्ताच्या तपासण्यांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा, ५.६ आला. वॉरफॅरिनवर असणाऱ्या अशा रुग्णात तो साधारण २ ते ३ ठेवायचा असतो. हिमोग्लोबिन ८.४ होतं, महिन्यापूर्वीच्या कागदावर ११.२. रेक्टस शीथमधला रक्तस्राव, हे आता जवळपास नक्की होतं. रात्री सीटी स्कॅन झाला. सर चित्रं एकेक करून वरून खाली नेत होते आणि मी शेजारी उभी होते.

नाभीच्या आसपासच्या चित्रांत उजवा रेक्टस फुगलेला होता. रक्ताचा आकार टोकांना निमुळता, मध्ये जाड, चातीसारखा. पुढे शीथ, मागे शीथ, मधोमध लिनिआ अल्बा. रक्त खोळीत कोंडलेलं होतं. मधली रेषा ओलांडत नव्हतं. चित्रं आणखी खाली गेली आणि आकार बदलला. रक्त स्नायूच्या मागे पसरलं, मधली रेषा ओलांडून डावीकडे गेलं आणि मूत्राशयाला मागे आणि डावीकडे ढकलून बसलं. सरांनी विचारलं, "इथे काय झालं?"

मी म्हटलं, "मागचे पदर पुढे गेले, सर."

त्या एका उत्तरात आजींचं बरंचसं दुखणं होतं. खोकताना रेक्टस जोराने आखडतो. इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक धमनी रेषेजवळ स्नायूच्या मागे शिरते, तिथे ती स्नायूबरोबर फारशी हलू शकत नाही, त्यामुळे तिची फांदी तिथे फाटते. वर फाटली असती, तर खोळीचा ताण रक्ताला दाबून धरतो. कोंडलेल्या जागेत दाब वाढतो आणि रक्त पुष्कळदा आपोआप थांबतं. खाली मागून दाबून धरणारं काही नाही. ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया एवढ्या दाबाला टिकत नाही, त्याच्यामागची चरबीची जागा सैल असते आणि ती थेट मूत्राशयाच्या पुढच्या पोकळीशी जोडलेली असते. म्हणून रक्त जास्त जातं, लघवी अडते आणि वरून पोट पाहून खरा अंदाज येत नाही. जे बोट तेव्हा रेक्टसच्या मागे सहज वर-खाली फिरलं होतं, त्याच वाटेने आता रक्त नाभीपर्यंत चढलं होतं.

वॉरफॅरिन थांबवलं, व्हिटॅमिन के आणि प्लाझ्मा दिला, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या आणि लघवीसाठी नळी घातली. शस्त्रक्रिया केली नाही. खोळ उघडली की जो काही दाब उरला आहे तोही जातो, हे सरांनी नातेवाइकांना समजावून सांगितलं. हिमोग्लोबिन घसरतच राहिलं असतं, तर पुढची पायरी कॅथेटरने ती धमनी आतून बंद करण्याची होती, आणि त्याची तयारी ठेवली होती. दर सहा तासांनी हिमोग्लोबिन तपासलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते ८ च्या आसपास स्थिरावलं. गाठीच्या कडांवर मी पेनने खूण केली होती, ती खूण गाठीने ओलांडली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोटाच्या खालच्या भागावर निळसर काळा डाग उमटला. तो फक्त उजवीकडे नव्हता, डावीकडेही होता. आजी घाबरल्या. आतलं रक्त सावकाश वर येऊन दिसतं आहे, नवीन काही नाही, असं मी त्यांना सांगितलं. नळी सहाव्या दिवशी काढली. नवव्या दिवशी घरी जाताना गाठ निम्म्याहून लहान झाली होती. रक्त पातळ करणारं औषध पुन्हा केव्हा सुरू करायचं, हे हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरलं.

सहा आठवड्यांनी सोनोग्राफीला आल्या तेव्हा मी मुद्दाम तिथे गेले. नाभीखाली, मधल्या रेषेच्या उजव्या बाजूला, प्रोब आडवा धरून हळूहळू खाली आणला. स्नायूच्या मागची चमकदार पांढरी रेघ काही अंतर बरोबर आली आणि मग पुसट झाली. तिथे प्रोब थांबवून मी नाभीपासून टेप लावला. ७ सेंटीमीटर होते.